नव्या नोकरीची पोस्ट: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी निवड झाल्याचं कळलं तेव्हापासून इतका आनंद झालाय की काय सांगू! त्यातच काल तू नव्या नोकरीबद्दलच्या लिंक्डइन पोस्टचा मसुदा पाठवलास आणि विचारलंस, “बढाई वाटतेय का? स्पष्ट सांग.” फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून निवांत बसून लिहितोय.

पहिल्या ओळीपासून सुरुवात करू. “अत्यंत आनंदाने आणि नम्रतेने कळवतो की, शेकडो उमेदवारांमधून जगातील एका आघाडीच्या कंपनीने माझी निवड केली आहे.” तुला खटकलं ते इथेच आहे. ‘नम्रतेने’ म्हटलंस आणि लगेच शेकडो माणसांना मागे टाकलंस. शिवाय लिंक्डइनवर पोस्टच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं ‘अधिक पहा’च्या मागे दडतं. बरेच जण तेवढंच वाचून पुढे जातील, आणि तेवढ्यात त्यांना तुझं काम काय हेसुद्धा कळणार नाही. त्यापेक्षा सरळ लिही की सोमवारपासून अमुक कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून रुजू झालोय. कंपनीचं नाव आणि पद सांगण्यात कसलीही बढाई नाही, ती तर बातमीच आहे. बढाई शिरते ती विशेषणांतून आणि तुलनेतून. ‘आघाडीची’, ‘शेकडो’, ‘स्वप्नवत’ हे शब्द काढून वाच, वाक्य आपोआप शांत होतं. पण उलट्या टोकालाही जाऊ नकोस. “माझी लायकी नसताना” असं शेवटी लिहिलंयस ते खोडून टाक. ज्यांनी तुझी मुलाखत घेतली आणि ज्यांनी तुझ्यासाठी शब्द टाकला, त्या सगळ्यांची पारख त्यात चुकीची ठरते.

आता आभार. तू बरीच नावं ओळीने टॅग केलीस आणि वर लिहिलंस, “यांच्या मार्गदर्शनाशिवाय हे शक्य नव्हतं.” त्या यादीत तुझ्या जुन्या ऑफिसातल्या मॅडमही आहेत, आणि परिषदेत एकदाच भेटलेले ते मोठे अधिकारीही. दोघांना एकाच वाक्यात बसवलं की मॅडमनी केलेलं हलकं होतं, आणि त्या अधिकाऱ्यांचं नाव ओळख दाखवण्यासाठी आलंय असं वाटतं. मला वाटतं, मॅडम, जागेबद्दल कळवणारा मित्र आणि मुलाखतीचा सराव घेणारी मैत्रीण, अशी तीनच माणसं घे आणि प्रत्येकाने नेमकं काय केलं ते एका वाक्यात लिही.

तूच मला सांगितलं होतंस, तुझा रिपोर्ट मॅडमकडे गेला की आकड्याच्या बाजूला प्रश्न लिहून परत यायचा: “हा आकडा पाहून कोण कोणता निर्णय घेणार?” उत्तर देता आलं नाही की तो रकाना काढावा लागायचा. नव्या कंपनीच्या मुलाखतीत तुला डॅशबोर्ड दाखवून काय बदलशील असं विचारलं, तेव्हा तू तोच प्रश्न धरून बोललास. हे लिही ना! फक्त मुलाखतीतला डॅशबोर्ड कशाचा होता, प्रश्न काय होते, ते पोस्टमध्ये नको. ती कंपनीची अंतर्गत गोष्ट आहे. ‘मार्गदर्शन’ हा शब्द कुणालाही चिकटवता येतो, पण समासातला तो प्रश्न फक्त मॅडमचाच आहे. त्यांनी वाचलं की त्यांनाही लगेच ओळख पटेल. आणि गंमत बघ, असं लिहिलं की वाक्याचा कर्ता मॅडम होतात. तुझ्या मसुद्यात ‘मी शिकलो, मी मिळवलं, मी पार केलं’ अशी रांग आहे. ‘त्यांनी विचारलं’, ‘त्याने कळवलं’ अशी क्रियापदं आली की ‘मी’ न खोडताही मागे सरकतो.

मात्र नाव घालण्याआधी प्रत्येकाला विचार. हा शिष्टाचार तर आहेच, पण खरी अडचणही आहे. मॅडमनी तुझ्यासाठी रेफरन्स दिला याचा जाहीर उल्लेख करू नकोस. पुष्कळ कंपन्यांत माजी सहकाऱ्याबद्दल फक्त पद आणि कामाच्या तारखा सांगायची परवानगी असते, तीही एचआरमार्फत. तू कौतुकाने लिहिशील आणि जाब मॅडमना द्यावा लागेल. त्यांनी शिकवलं ते लिही, शिफारस केली ते त्यांना फोनवर सांग. ज्या मित्राने नव्या कंपनीत तुझं नाव पुढे केलं, त्याचंही तसंच. रेफरलबद्दल काही ठिकाणी बक्षिसाची रक्कम मिळते. त्याच्या टीमला हे ठाऊक असावं की नसावं, हे त्याला ठरवू दे. तो नको म्हणाला तर “एका जुन्या मित्राने माझा बायोडेटा योग्य टेबलावर पोचवला” एवढं पुरे. त्याला कळतंच.

एक वाक्य मात्र मला फार टोचलं, म्हणून त्यावर थांबतो. “प्रामाणिक मेहनतीचं फळ मिळतंच!” तुझ्या जुन्या टीममधून कपातीत गेलेली माणसं ही पोस्ट वाचणार आहेत. त्यातली काही अजून अर्ज करताहेत, काही तर याच जागेच्या शेवटच्या फेरीपर्यंत गेली असतील. त्यांच्या कानावर या वाक्याचा अर्थ असा पडतो की, तुमची मेहनत कमी पडली. तुझ्या मनात तसं नाही हे मला माहीत आहे, पण शब्दांत ते आहे. त्याजागी जे खरं घडलं ते लिही: जागा निघाली तेव्हा ती मित्राच्या नजरेस पडली, आणि त्याने त्याच दिवशी कळवलं. वेळेचा हा भाग मान्य करणं हीसुद्धा कृतज्ञताच. आणि कुणाला मदत करायची असेल तर “काही लागलं तर सांगा” असं मोघम नको. “डेटा अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीची तयारी करत असाल तर शनिवारी सकाळी सराव घेईन” असं लिही. पण जमणार असेल तरच.

पोस्ट रुजू झाल्यावरच टाक. ऑफर हातात आली तरी कागदपत्रांची पडताळणी चालू असते, आणि जुन्या ऑफिसात नोटीस संपायची असते. प्रोफाइलमध्ये पद बदलताना नेटवर्कला कळवण्याचा पर्यायही बंद ठेव, नाहीतर तुझ्या शब्दांच्या आधी लिंक्डइनची ठरावीक सूचना पोचेल.

मी असं मांडून पाहिलं, तुझ्या पद्धतीने बदल:

“सोमवारपासून मी (कंपनीचं नाव) इथे डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून रुजू झालो. आधीच्या टीममध्ये माझ्या रिपोर्टच्या समासात एक प्रश्न नेहमी यायचा: हा आकडा पाहून कोण कोणता निर्णय घेणार? तो विचारणाऱ्या मॅडममुळे मी या कामाकडे नीट बघायला शिकलो. ही जागा निघाल्याचं एका जुन्या मित्राने त्याच दिवशी कळवलं, नाहीतर मला पत्ताही लागला नसता. आणि एका मैत्रिणीने मुलाला झोपवल्यावर रात्री माझ्या सराव मुलाखती घेतल्या. उत्तर लांबलं की ती मध्येच थांबवायची. तिघांचा मी ऋणी आहे.”

एवढंच. फोनवर एका नजरेत वाचून होतं. घरच्यांचे आभार मी मुद्दाम यात घातले नाहीत. ते तू घरी मानलेस तर त्यांना जास्त आवडेल असं मला वाटतं, पण तुला घालायचे असतील तर जरूर घाल. मैत्रिणीला मुलाचा उल्लेख चालेल का, तेही विचारून घे.

मॅडमना आधी फोन कर. त्या हो म्हणाल्या की पुढचं ठरव, आणि शेवटचा मसुदा टाकण्याआधी मला पाठव. मी त्याच दिवशी वाचून कळवतो.

तुझाच,
मित्र