एक लाख भरले, व्याज उतरले फक्त सत्त्याहत्तर रुपयांनी

दि. २० सप्टेंबर २०२५
वडगाव, बेळगाव

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय, बेंगळूरु

विषय: ५ जून २०२५ रोजी भरलेली एक लाख रुपयांची आगाऊ रक्कम मुद्दलातून वजा न केल्याबद्दल.

महोदय,

माझी वडगावात पिठाची गिरणी आहे. मिरची-मसाला कुटायच्या नव्या मशीनसाठी मी आपल्या कंपनीकडून ५ जून २०२४ रोजी ३,००,००० रुपयांचे कर्ज घेतले. वार्षिक १२ टक्के व्याज, घटत्या शिलकीवर, ३६ महिने, हप्ता ९,९६४ रुपये. पहिला हप्ता ५ जुलै २०२४ ला गेला. तेव्हापासून एकही हप्ता चुकलेला नाही, एकदाही बँकेतून परत आलेला नाही. हे आधीच सांगतो, कारण शाखेत तक्रार घेऊन गेलो की पहिला प्रश्न तोच विचारतात.

पहिल्या बारा महिन्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. मंजुरी पत्रासोबत आलेला परतफेडीचा तक्ता मी आणि माझ्या मुलीने वहीत पुन्हा मांडून पाहिला, तो रुपयाला रुपया जुळतो. ती बी.कॉम.ला आहे. तिने संगणकावर एक सूत्र घातले आणि हप्ताही तोच आला:

```
=PMT(12%/12,36,-300000)
```

उत्तर ९,९६४ रुपये २९ पैसे. वरचे पैसे तुम्ही सोडलेत, त्यावर माझे काही म्हणणे नाही.

मला तक्ता कसा वाचायचा ते तेव्हाच नीट कळले. वर्षाला १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का. पहिल्या महिन्यात माझ्याकडे तुमचे तीन लाख होते, त्यावर व्याज ३,००० रुपये. हप्ता ९,९६४. त्यातून व्याजाचे ३,००० गेले, उरलेले ६,९६४ मुद्दलात जमा झाले. शिल्लक २,९३,०३६. दुसऱ्या महिन्यात व्याज या शिलकीवर, म्हणजे २,९३० रुपये. हप्ता तोच, म्हणून मुद्दलाकडे आता ७,०३४ गेले. व्याज सत्तर रुपयांनी उतरले आणि मुद्दल सत्तर रुपयांनी चढले. हे सत्तर कुठून आले? आदल्या महिन्यात जे ६,९६४ मुद्दल फेडले, त्याचा एक टक्का. जेवढे मुद्दल फिटले, तेवढ्याचेच व्याज पुढच्या महिन्यापासून थांबते. घटत्या शिलकीच्या कर्जात याहून वेगळे काही नसते, आणि माझी सगळी तक्रार याच एका गोष्टीवर उभी आहे.

बाराव्या हप्त्यात, म्हणजे ५ जून २०२५ ला, व्याज २,१९४ आणि मुद्दल ७,७७० होते. शिल्लक राहिली २,११,६७९ रुपये. वर्षभरात मी तुम्हाला १,१९,५६८ रुपये दिले, त्यातले ३१,२४७ व्याजात गेले. सुरुवातीला शिल्लक मोठी, म्हणून व्याजही मोठे. त्यात मी फसवणूक काही बघत नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्या भागात उन्हाळा म्हणजे वर्षाच्या चटणीचे दिवस. मार्चपासून मे संपेपर्यंत गिरणीत मिरचीचा खकाणा बसलेला असतो, शिंकून शिंकून माणूस हैराण होतो, पण चार पैसे हातात येतात ते तेव्हाच. त्यात भिशी लागली. कर्जाच्या करारात लिहिले आहे की बारा हप्त्यांनंतर काही रक्कम आगाऊ भरता येते, ती मुद्दलातून वजा होते, आणि त्यावर दोन टक्के शुल्क लागते. म्हणून ५ जूनला बारावा हप्ता गेल्यावर त्याच दिवशी मी एनईएफटीने १,००,००० रुपये आपल्या खात्यात भरले. शुल्काचे २,००० आणि त्यावरचा जीएसटी ३६० असे २,३६० रुपये वेगळे भरले. त्या पावतीवर तुमच्याच छपाईत ‘अंशतः मुदतपूर्व परतफेड शुल्क’ असे लिहिले आहे. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

५ जुलैचा तेरावा हप्ता नेहमीसारखा गेला. मी निर्धास्त होतो. ऑगस्टमध्ये मुलीने खाते उतारा काढायला लावला. तिने व्याजाच्या रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, “बाबा, हे बघा. जूनला २,१९४ होतं, जुलैला २,११७. फक्त सत्त्याहत्तर रुपयांनी उतरलंय.”

सत्त्याहत्तर म्हणजे बाराव्या हप्त्यातल्या ७,७७० चा एक टक्का. एक लाखाचा एक टक्का त्यात नाहीच. तो धरला असता तर व्याज १,०७७ रुपयांनी उतरून १,११७ वर यायला हवे होते. उताऱ्याच्या अगदी तळाला, शिलकीपासून वेगळ्या ओळीत, माझे लाख रुपये ‘जादा जमा’ म्हणून पडून होते. म्हणजे माझा लाख तुमच्याकडे आहे, आणि त्याच लाखाचे १२ टक्क्यांनी व्याजही मीच भरतोय.

गणपतीच्या आधी मी शाखेत आलो. काउंटरवरचे साहेब सभ्य होते, मराठीतच बोलले, पण उत्तर असे दिले: “काळजी करू नका, हे लाख शेवटच्या दहा हप्त्यांत वळते होतील. तुमचे दहा हप्ते कमीच होणार ना, मग एकच झालं.” दुसऱ्या खेपेलाही हेच. तिसऱ्या खेपेला “सिस्टीम असंच करते” एवढेच.

एकच होत नाही. दहा हप्त्यांचे ९९,६४० होतात आणि लाखातून ३६० उरतात, हे खरे. पण शेवटचे दहा हप्ते हे जवळजवळ सगळे मुद्दलाचेच असतात. तुमच्याच तक्त्यात सव्विसाव्या हप्त्यानंतर शिल्लक सुमारे ९४,३७५ रुपये दिसते, म्हणजे त्या दहा हप्त्यांत व्याज जेमतेम सव्वापाच हजार. ते व्याजसुद्धा मी आज, वर्षभर आधीच भरून मोकळा झालो, आणि मधल्या चौदा महिन्यांचे पूर्ण व्याज मात्र चालूच राहणार.

लाख मुद्दलातून वजा केले तर काय होते ते आम्ही ओळ-ओळ मांडले. ५ जूनला शिल्लक १,११,६७९. तेराव्या हप्त्यात व्याज १,११७, मुद्दल ८,८४७. चौदाव्यात व्याज १,०२८, मुद्दल ८,९३६. असे करत चोविसाव्या हप्त्याला, म्हणजे ५ जून २०२६ ला, फक्त ९,४४० रुपये भरून कर्ज संपते. तुमच्या पद्धतीने ते ५ ऑगस्ट २०२६ पर्यंत चालते. लाखाने माझे दहा नव्हे, बारा हप्ते मिटतात, वर चोविसाव्या हप्त्यातले ५२४ रुपयेही वाचतात. तुम्ही ते ३६० परत दिले असे धरले तरी फरक २०,०९२ रुपये पडतो. गिरणीवाल्यासाठी ही किती दळणे होतात याचा हिशोब मी इथे मांडत नाही.

माझ्याकडे गिऱ्हाईक दहा किलो गहू ठेवून गेले आणि दळायच्या आधी पाच किलो परत नेले, तर मी दळणावळ पाचच किलोची घेतो. दहा किलोची घेऊन ‘पुढच्या वेळी बघू’ म्हटले, तर ते गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या गिरणीत दिसेल. आणि शुल्काचेही बघा. लाख जर आगाऊ हप्तेच होते, तर अंशतः परतफेडीचे २,००० कशाबद्दल घेतले? दोन्हींपैकी एकच खरे असू शकते, आणि पावती तुमच्या हातची आहे.

आतापर्यंत जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे तीन हप्ते गेले. त्यांत तुम्ही व्याज घेतले २,११७, २,०३८ आणि १,९५९, एकूण ६,११४ रुपये. घ्यायला हवे होते १,११७, १,०२८ आणि ९३९, एकूण ३,०८४. जास्त घेतलेले ३,०३० रुपये. आज माझी खरी शिल्लक ८४,८७१ रुपये आहे. तुमच्या उताऱ्यात ती १,८७,९०१ दिसते. त्यातून लाख वजा केले तरी ८७,९०१ उरतात, आणि पुन्हा तोच ३,०३० चा फरक येतो.

तेव्हा माझी मागणी अशी. लाखाची नोंद ५ जून २०२५ या तारखेपासून मुद्दलात करावी, जास्त घेतलेले व्याज मुद्दलात जमा करावे आणि नवा तक्ता लेखी द्यावा. तक्ता करताना हप्ता ९,९६४ च ठेवून मुदत कमी करावी. शाखेतून एकदा “हप्ता कमी करून देतो” असेही सुचवले होते. ते मला नको. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला तर तो सुमारे ५,२५७ होतो आणि उरलेल्या चोवीस महिन्यांत व्याज जाते साधारण १४,५०० रुपये. हप्ता तोच ठेवला तर एकूण ७,३६५. ज्याची महिन्याची ओढाताण असेल त्याला पहिला मार्ग बरा, माझी तशी अडचण नाही.

तक्ता शक्यतो मराठीत पाठवावा. कन्नड मला बोलता येते, वाचताना वेळ लागतो, आणि याआधीचे एसएमएस कन्नडमध्ये व करार इंग्रजीत असल्याने प्रत्येक वेळी मुलीला कॉलेजातून यावे लागते. मराठीत जमत नसेल तर निदान व्याज, मुद्दल आणि शिल्लक हे तीन रकाने वेगवेगळे छापावेत. नुसता ‘हप्ता मिळाला’ असा निरोप नको.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर आले नाही, किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवणार आहे. तिथे पाठवायला हेच पत्र, पावती आणि उतारा पुरेसे होतील.

सोबत: परतफेडीचा मूळ तक्ता, एनईएफटीची नोंद असलेले बँक पासबुकचे पान, शुल्काची पावती, जुलै ते सप्टेंबरचा खाते उतारा (व्याजाच्या रकान्यात लाल पेनाने खुणा आमच्या आहेत), आणि आम्ही वहीत केलेला तेराव्या ते चोविसाव्या हप्त्याचा हिशोब.

आपला,
कर्जदार
(कर्ज खाते क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे)