फोन हरवल्याचं ११:३४ ला कळवलं, पैसे १२:१९ ला गेले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सिंहगड रस्त्यावर राहणारी ७२ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात माझा फोन चोरीला गेला आणि माझ्या पेन्शनच्या खात्यातून तीन वेळा मिळून ६८ हजार रुपये अनोळखी खात्यांत वळवले गेले. ते परत मिळावेत म्हणून मी बँकेला पत्र लिहिलं. बँकेनं नकार दिला. तो नकार रिझर्व्ह बँकेच्या नियमाला धरून नाही असं माझं ठाम मत आहे, आणि हेच उत्तर आणखी कुणाच्या हाती पडलं तर त्यांनी मुकाट्यानं घरी जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. तक्रार अजून चालू आहे, त्यामुळे बँकेचं नाव लिहीत नाही.

मंगळवारी सकाळी मंडईतून भाजी घेऊन मी स्वारगेटहून पीएमपीच्या बसमध्ये चढले. गर्दी होती. फोन कापडी पिशवीत वरच्या बाजूला होता आणि त्याच्या कव्हरच्या कप्प्यात माझं एटीएम कार्ड. राजाराम पुलाच्या थांब्यावर उतरल्यावर पिशवी हलकी लागली, तेव्हा कळलं. समोरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचे. "काकू, आधी बँकेला लावा," म्हणत त्यांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि बँकेच्या संकेतस्थळावरचाच नंबर काढून दिला. तेव्हा ११ वाजून ३४ मिनिटं झाली होती.

पलीकडच्या मुलीला मी सांगितलं, की फोन गेला आहे, त्यातच कार्ड आहे, माझ्या खात्यातून काहीही जाऊ देऊ नका. तिनं जन्मतारीख, खात्याचे शेवटचे चार आकडे विचारले, कार्ड ब्लॉक केलं, तक्रार क्रमांक दिला. तो मी दुकानातल्या बिलामागे लिहून घेतला. ११:४६ ला फोन ठेवला. माझी समजूत झाली की खातं आता सुरक्षित आहे.

दुसऱ्या दिवशी शाखेत पासबुक भरलं तेव्हा तीन नोंदी दिसल्या. ११:२९ ला सहा हजार. १२:१९ ला ४० हजार. १२:२३ ला २२ हजार. वेळा पासबुकात नसतात. त्या शाखेतल्या अधिकाऱ्यांनी संगणकावर बघून सांगितल्या, आणि मी त्या लगेच लिहून घेतल्या. त्यांच्याकडूनच पुढचा प्रकारही समजला. चोरानं माझं सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं. त्या फोनवर बँकेचं ॲप उघडून कार्डावरचे आकडे भरले. ओटीपी अर्थातच त्याच्याच हातातल्या सिमवर आला. त्यावर त्यानं नवा पिन ठरवला. माझ्या फोनचं लॉक उघडायची त्याला गरजच पडली नाही.

११:४६ ला कार्ड बंद झालं, पण दुसऱ्या फोनवर आधीच सुरू झालेलं ॲप तसंच चालू राहिलं. कार्ड बंद करणं आणि मोबाइल बँकिंग बंद करणं ही बँकेच्या यंत्रणेत दोन वेगळी कामं आहेत. त्या मुलीनं मला दुसऱ्याबद्दल विचारलं नाही आणि मला ते माहीत नव्हतं. "तुम्ही फक्त कार्ड ब्लॉक करायला सांगितलं होतं," असं अधिकारी म्हणाले. मी तसं म्हटलेलं नाही. मी काय म्हटलं ते त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, आणि ते जपून ठेवावं असं मी त्याच दिवशी लेखी कळवलं.

त्यांनी आधी एफआयआर आणायलाही सांगितलं. फोन हरवल्याची तक्रार मी पोलिसांत दिली होतीच, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवरही आदल्या संध्याकाळी, फोन गेल्याचं आणि खात्याची काळजी वाटत असल्याचं सांगितलं होतं. रक्कम कळल्यावर ती नोंद पूर्ण केली. पण बँकेला कळवण्याची वेळ मोजताना एफआयआरची वाट पाहायची नसते. बँकेच्या नंबरवर केलेला फोन हीच बँकेला दिलेली सूचना.

आता पत्रातला मुख्य मुद्दा. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं एक परिपत्रक आहे. ग्राहकानं न केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचं नुकसान कुणी सोसायचं, हे त्यात ठरवून दिलं आहे. (सहकारी बँकांसाठी असंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं.) त्याच्या सातव्या परिच्छेदात म्हटलं आहे, की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. हे मी पुन्हा सांगते, कारण शाखेतही ते कुणी मला सांगितलं नाही. ग्राहक निष्काळजी होता असं घटकाभर मान्य केलं, तरीसुद्धा कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचंच असतं.

म्हणजे कव्हरमध्ये कार्ड ठेवण्यात माझी चूक होती का, या प्रश्नावर १२:१९ आणि १२:२३ च्या व्यवहारांचा निकाल अवलंबूनच नाही. ते दोन्ही मी कळवल्यानंतर पाऊण तासानं झाले. ते ६२ हजार बँकेनं द्यायचे आहेत.

११:२९ चे सहा हजार मी पत्रात मुद्दाम वेगळे ठेवले. ते माझ्या फोनच्या आधीचे आहेत. तेही मी मागितले आहेत, पण वेगळ्या आधारावर. परिपत्रकात निष्काळजीपणाचं उदाहरण म्हणून पिन, पासवर्ड यांसारखी गुप्त माहिती दुसऱ्याला देणं सांगितलं आहे. मी कुणालाही काही दिलं नाही, माझी वस्तू चोरीला गेली. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा असेल आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकाचं दायित्व शून्य धरतात. मी पाच मिनिटांत कळवलं. तरी कार्ड कव्हरमध्ये ठेवणं हा निष्काळजीपणा होतो असं कुणी म्हणू शकेल, हे मला समजतं. म्हणून दोन्ही रकमा एकत्र करून एकच मागणी करण्याचं मी टाळलं. सगळी रक्कम एका ओळीत मागितली असती, तर पहिल्या व्यवहारावरच्या आक्षेपाखाली बाकीचे दोनही फेटाळले गेले असते. ज्यांना असं पत्र लिहावं लागेल त्यांनी प्रत्येक व्यवहार त्याच्या वेळेसह स्वतंत्र लिहावा आणि मधे आपण कळवल्याची वेळ घालावी.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. व्यवहार योग्य ओटीपी आणि योग्य पिन वापरून झाले असल्यानं बँक जबाबदार नाही, इतकंच. ओटीपी योग्य होता यावरून एवढंच सिद्ध होतं की ओटीपी येणारं सिम कुणाच्या तरी हातात होतं. ते माझ्या हातात नाही हे मी ११:३४ ला सांगितलेलं होतं. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाच्या बाराव्या परिच्छेदानं बँकेवर टाकला आहे. एका बँकेनं असाच ओटीपीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. ३ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयानं तो मानला नाही आणि ग्राहकाला ९४ हजारांहून अधिक रक्कम परत देण्याचा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. त्या ग्राहकानं चोवीस तासांच्या आत बँकेला कळवलं होतं.

नियमानुसार बँकेनं कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात जमा दाखवायला हवी होती, आणि तीही व्यवहाराच्या तारखेपासून, म्हणजे व्याज बुडू नये. चौकशीचा निकाल ९० दिवसांत लागायचा असतो, तो निकाल लागेपर्यंत ही जमा थांबवायची नसते. माझ्या खात्यात आजपर्यंत एक रुपयाही आलेला नाही. पोलिसांकडून समोरच्या खात्यातली काही रक्कम मला परत मिळाली, तर तेवढी मी बँकेला परत करीन, हेही मी लिहून दिलं आहे.

व्यवहाराचे एसएमएस पाठवले होते, असंही बँक म्हणते. ते गेले चोराच्या हातातल्या सिमवर. त्याच दुपारी भाच्याबरोबर जाऊन मी त्याच नंबरचं नवं सिम घेतलं, पण सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस येतच नाहीत. हा नियमही फसवणूक रोखण्यासाठीच आहे. म्हणून मला पहिली खबर पासबुकातून मिळाली.

इथे माझी एक चूक मला आता दिसते. मी बँकेला आधी फोन केला आणि सिम बंद करायला सव्वा वाजता सांगितलं. सिम कंपनीच्या हेल्पलाइनला त्याच दुकानातून, बँकेच्या फोननंतर लगेच फोन केला असता, तर निदान पुढचा कुठलाही ओटीपी चोराला मिळाला नसता. फोनच्या सेटिंगमध्ये सिमला स्वतंत्र पिन लावता येतो, म्हणजे सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी पिनशिवाय चालत नाही. भाच्यानं नव्या सिमला तो लावून दिला आहे. मूळ पिन कंपनीकडून विचारून घ्यावा. तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि कंपनीकडून दुसरा क्रमांक घेऊन ते उघडावं लागतं.

बँकांकडे माझी मागणी एकच आहे. "फोन हरवला" असं म्हणणाऱ्या ग्राहकाला कार्ड, मोबाइल ॲप, यूपीआय आणि इंटरनेट बँकिंग हे चारही बंद करू का, असं त्याच फोनवर विचारण्याची सक्ती कर्मचाऱ्यांवर असावी. आमच्या पिढीला या चार खिडक्यांची नावं पाठ असतील असं धरून चालू नये.

नकार लेखी आलेला असल्यामुळे मी या आठवड्यात रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करते आहे. त्याला शुल्क नाही. बँकेनं ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही तरीही तिथे जाता येतं. सोबत पत्राची शाखेचा शिक्का असलेली प्रत, बिलामागे लिहिलेला तक्रार क्रमांक आणि औषधाच्या दुकानदारांच्या फोनवरच्या कॉल यादीचा फोटो जोडते आहे. त्या यादीत बँकेचा नंबर, ११:३४ ही वेळ आणि बारा मिनिटांचं बोलणं स्पष्ट दिसतं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
सिंहगड रस्ता, पुणे