‘निधी कर्करुग्णांसाठी’ म्हणजे नेमका किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात नवी मुंबईच्या पानावर चॅरिटी रनच्या नोंदणीचे छायाचित्र आहे आणि त्याखाली ‘पाम बीच मार्गावर डिसेंबरमध्ये १० किलोमीटर चॅरिटी रन, शुल्क ६०० रुपये, १५ वर्षांवरील सर्वांना खुली, निधी कर्करुग्णांसाठी’ अशी फोटोओळ आहे. गेल्या वर्षीही आपण जवळजवळ याच शब्दांत ती छापली होती. त्या ओळीवर विश्वास ठेवून मी, माझे यजमान आणि माझा भाचा अशा तिघांचे मिळून १,८०० रुपये भरले. आपण हे १,८०० रुपये कर्करुग्णांना देत आहोत, असाच आमचा समज होता आणि ती ओळ वाचून दुसरा कोणताही समज होणे शक्य नव्हते.

मार्चमध्ये प्राप्तिकराची कागदपत्रे गोळा करताना मी आयोजकांकडे ८०जी सवलतीसाठी देणगीची पावती मागितली, तेव्हा ती देता येणार नाही असे उत्तर आले. शुल्काच्या बदल्यात टी-शर्ट, पदक आणि नाश्ता मिळतो, म्हणून ती देणगी ठरत नाही, असे त्यांनी सांगितले. कायद्याने त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. मग रुग्णांना किती मिळाले, असे विचारल्यावर त्यांच्या खजिनदारांनी मला घरी बोलावून हिशेबाची वही समोर ठेवली. त्यांचा प्रामाणिकपणा मी मान्य करते आणि म्हणूनच माझी तक्रार त्यांच्यापेक्षा आपल्या फोटोओळीबद्दल अधिक आहे.

हिशेब असा होता. ६०० रुपयांपैकी टी-शर्टचे १८०, पदकाचे ७०, वेळ मोजणाऱ्या चिपसह छातीवरच्या क्रमांकाचे ६०, पाणी व नाश्त्याचे ५० आणि ऑनलाइन नोंदणीचे शुल्क व कर मिळून ४० असे माणशी ४०० रुपये आधीच खर्ची पडतात. उरलेल्या २०० रुपयांतून मंच, ध्वनिव्यवस्था, अडथळे, रुग्णवाहिका आणि वेळमापनाच्या यंत्रणेचे भाडे भागवायचे असते. प्रायोजकांनी दिलेली रक्कम वजा केल्यावरही हा खर्च १,६०,००० रुपये होता आणि धावणारे कमी आले म्हणून तो कमी होत नाही. याचा अर्थ पहिल्या ८०० जणांचे पैसे केवळ कार्यक्रम उभा करण्यात जातात आणि रुग्णांसाठीचा पहिला रुपया ८०१ व्या नोंदणीपासून शिल्लक पडू लागतो. गेल्या वर्षी ८५० जणांनी नोंदणी केली, ५,१०,००० रुपये जमा झाले आणि रुग्णांसाठी १०,००० रुपये उरले, म्हणजे माणशी बारा रुपयेही नाहीत. आमच्या तिघांच्या १,८०० रुपयांतले जेमतेम ३५ रुपये रुग्णांपर्यंत पोहोचले. नोंदणी ७०० वर थांबली असती, तर निधी राहिला बाजूला, आयोजकांनाच २०,००० रुपये पदरचे घालावे लागले असते.

यात कोणी पैसे खाल्ले नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. दोष आहे तो ‘निधी कर्करुग्णांसाठी’ या दोन शब्दांचा, कारण त्यांचे तीन वेगवेगळे अर्थ होऊ शकतात. सर्व खर्च प्रायोजक उचलतात आणि शुल्काची पूर्ण रक्कम संस्थेला जाते, हा एक अर्थ झाला. प्रत्येक नोंदणीमागे ठरावीक रक्कम, समजा १०० रुपये, संस्थेला देण्याचे आधीच लेखी ठरले आहे, हा दुसरा. खर्च वजा जाता जे उरेल ते द्यायचे, आणि काहीच उरले नाही तर द्यायचे नाही, हा तिसरा. वाचक पहिला अर्थ धरून पैसे भरतो आणि हिशेब मात्र तिसऱ्या अर्थाने होतो. आपल्या वार्ताहराने ‘या तिन्हींपैकी काय?’ एवढा एकच प्रश्न दूरध्वनीवरून विचारला, तर ही दिशाभूल टळते.

ज्या संस्थेला पैसे जाणार तिचे नावही त्या ओळीत नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदलेल्या संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक असतो, आणि नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, हे गणेशोत्सव मंडळांमुळे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. संस्थेचे नाव व क्रमांक छापायला अर्धी ओळ लागते, आणि ज्याला खरोखर देणगीच द्यायची आहे तो टी-शर्ट न घेता थेट त्या संस्थेला पैसे देऊन रीतसर पावती घेऊ शकतो.

वयाबद्दलही लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘१५ वर्षांवरील’ हे वय कोणत्या दिवशी मोजायचे, याचा आपल्या ओळीत उल्लेख नाही. गेल्या वर्षी धाव डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी होती आणि माझ्या भाच्याला पंधरावे वर्ष २० डिसेंबरला पूर्ण होणार होते. याच वर्षी पंधरा पूर्ण होतात, म्हणून आम्ही निःशंकपणे नाव नोंदवले. आदल्या दिवशी क्रमांक घ्यायला गेलो, तेव्हा टेबलावरच्या मुलीने आधारकार्डावरची जन्मतारीख पाहिली, क्रमांकाचे पाकीट परत ओढून घेतले आणि टी-शर्ट तेवढा त्याच्या हातात ठेवला. वय धावण्याच्या दिवशी पूर्ण हवे, हा नियम योग्यच आहे आणि बहुतेक शर्यतींत तोच असतो. पण तीन महिने पहाटे उठून सराव केलेल्या मुलाला तो टेबलापाशी कळावा, याचे मला आजही वाईट वाटते. शुल्कही परत मिळाले नाही.

मार्गाबाबत ‘पाम बीच मार्गावर’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. धावणाऱ्याला सुरुवात कोठे आणि वळण कोठे हे हवे असते, आणि न धावणाऱ्या नेरुळकराला वाहतुकीसाठी कोणती बाजू किती वाजेपर्यंत बंद राहील, हे हवे असते.

फोटोओळीत जागा कमी असते, हे मला मान्य आहे. तरीही गेल्या वर्षीच्याच धावेची ओळ अशी लिहिता आली असती: ‘महापालिका मुख्यालयासमोरून सकाळी सहाला सुरुवात, वाशीच्या दिशेने ५ किलोमीटरवर वळून त्याच मार्गाने परत, वाशीकडे जाणारी बाजू नऊपर्यंत बंद. धावण्याच्या दिवशी १५ वर्षे पूर्ण हवीत. बक्षिसांसाठी १५ ते ३४, ३५ ते ४९ आणि ५० व त्यापुढील असे गट. शुल्क ६०० रुपये, त्यात टी-शर्ट, पदक व नाश्ता, परतावा नाही. खर्च वजा जाता उरणारी रक्कम कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला. संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक अमुक.’

यंदाची नोंदणी अजून सुरू आहे, त्यामुळे दुरुस्त ओळ याच आठवड्यात छापता येईल. भाचा आता पंधरा वर्षांचा पूर्ण झाला आहे आणि पुन्हा धावायचे म्हणतो. त्याचे नाव मी नोंदवणार आहे; मात्र रुग्णांसाठीची रक्कम या वेळी वेगळी, थेट संस्थेला देण्याचे आम्ही ठरवले आहे, आणि त्यासाठी मला आपल्याकडून त्या संस्थेचे नाव हवे आहे.

आपली,
एक नियमित वाचक,
नेरुळ, नवी मुंबई