हत्तींचा आवाज नाही, म्हणजे हत्ती गेले असं नाही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या अंकात दोडामार्ग तालुक्यातली बातमी वाचली : 'दोन रात्री हत्तींचा आवाज नाही, कळप परतला असावा.' आमच्या वाडीतही हेच बोललं जातं. शेजारचे काका संध्याकाळी मांगराच्या पडवीत बसून सांगतात, ''आवाज नाय, म्हणजे गेले ते.'' हत्ती 2002 साली कर्नाटकातून आपल्याकडे उतरले, तेव्हापासून हा समज मी ऐकतो आहे आणि त्यापायी लोक रात्री बेसावध राहतात, म्हणून हे पत्र.

हत्तींचं बरंचसं बोलणं माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. आपला कान साधारण 20 हर्ट्झच्या खाली चालत नाही. 1984 साली केटी पेन या संशोधिका अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ उभ्या होत्या. कानाला काही नव्हतं, पण हवेत धडधड जाणवत होती. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनची सर्वांत खालची पट्टी वाजली की अंगाला जाणवते, तशी. पुढे ध्वनिमुद्रणात ते हुंकार 14 ते 24 हर्ट्झचे निघाले.

गेल्या माघात मी हे जवळून पाहिलं. दिवेलागणीला कुळागराच्या कडेला एक टस्कर केळी मोडत होता. एकाएकी थांबला. कान पसरले, सोंड जमिनीला टेकली, पुढचा एक पाय नुसत्या नखांवर ठेवला. मिनिटभर हालचाल नाही. मग कपाळाची कातडी थरथरली आणि मला छातीत लांबवर ढोल वाजल्यासारखं वाटलं. नंतर तो सरळ ओहोळाकडे उतरून गेला. तो पलीकडच्या कुणाचं ऐकत होता की आमची चाहूल घेत होता, हे एवढ्यावरून ठरवता येत नाही. पण तिथे शांतता होती असं मात्र मी म्हणणार नाही.

हा आवाज इतका लांब का जातो? आपण पलीकडच्या शेतातल्या गड्याला 'कू' घालतो, त्या आवाजाची लाट जेमतेम हातभर लांब असते, ती झाडाझुडपांत विखरून जाते. 17 हर्ट्झच्या हुंकाराची लाट सुमारे 20 मीटर लांब. तिला माड-पोफळी आडव्या येतच नाहीत. त्यात संध्याकाळची भर पडते. दुपारी जमीन तापलेली असते, आवाज वर वळून निघून जातो. सूर्य मावळला, वारा पडला की जमिनीलगतची हवा आधी गार होते आणि वर गेलेला आवाज खाली वळतो. नदीपलीकडच्या देवळातला ढोल निवांत रात्री जवळ वाजल्यासारखा वाटतो, तो यामुळेच. आफ्रिकेतल्या मोकळ्या माळाचा हिशोब संशोधकांनी मांडला आहे : दुपारी एका हत्तीचा आवाज साधारण 30 चौरस किलोमीटरमध्ये पोचतो, तर त्याच दिवशी संध्याकाळी 300 पर्यंत. आपल्या डोंगरदऱ्यांना हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पावसाळ्यात ढग, वारा आणि पावसाचा आवाज असताना तर हा फायदा फारसा उरत नाही.

हाच हुंकार जमिनीतूनही जातो. नामिबियातल्या इटोशा राष्ट्रीय उद्यानात केटलिन ओ'कॉनेल-रॉडवेल यांनी हत्तींच्या धोक्याच्या हाका फक्त जमिनीतून कंपनं देऊन 'वाजवल्या'. ओळखीच्या, त्याच भागातल्या हाकेला कळप गोळा होऊन सावध झाला. केनियातल्या परक्या हाकेला तसा झाला नाही. पायातून हे कंपन हाडांवाटे कानापर्यंत चढतं, शिवाय तळव्यांत आणि सोंडेत कंपनं टिपणाऱ्या पेशीही असतात. तिथल्या रेताड जमिनीत त्याचा वेग सेकंदाला सुमारे 250 मीटर, हवेत 340. म्हणजे दोन किलोमीटरवरून एकच हाक हवेतून सहा सेकंदांत येते आणि जमिनीतून आठ. या दोन सेकंदांवरून हत्तीला अंतर कळत असावं, असा एक तर्क आहे. आमच्या जांभ्याच्या कातळात वेग वेगळा असणार, आणि चिरेखाणीची यंत्रं, डंपर यांची घरघर त्यात मिसळणार, हेही खरं.

मोबाइलवर रात्रभर रेकॉर्डिंग लावून 'काही मिळालं नाही' म्हणणारी तरुण मुलं आमच्याकडे आहेत. साध्या फोनचा माइक इतका खालचा आवाज नीट टिपतच नाही.

तेव्हा विनंती इतकीच, की हत्ती परतल्याची बातमी देताना वार्ताहरांनी पाहिलेल्या खुणा लिहाव्यात : ताजी लीद कुठे होती, ओहोळाच्या चिखलातली पावलं कुठल्या दिशेला वळली, शेवटचा माड कुठल्या रात्री पडला. आवाज आला नाही, ही त्यातली खूण धरू नये.

आपला,
तिलारी खोऱ्यातील एक बागायतदार