पाऊस पडायच्या आधी घर बघताना

बाळा,

तू पाठवलेले फोटो नीट मोठे करून बघितले. मागच्या स्वयंपाकघरातला तो तपकिरी कडेचा डाग बघून तुला वाटलंय कौल फुटलं असेल, गवंड्याला बोलवून दोन कौलं बदलली की झालं. असेलही तसं, पण मला नाही वाटत. डाग छताच्या लगेच खाली आडवा पसरलाय आणि त्याच्या बरोब्बर खाली स्विचबोर्ड आहे. म्हणून यावेळी घर बघायची सुरुवात कौलांपासून करू नको, वायरिंगपासून कर. पाणी नंतर बघू.

कारण असं की गळती शोधायला तू शिडी लावणार, भिंतीवर पाणी ओतणार, ओल्या हाताने इकडेतिकडे हात लावणार, आणि त्या भिंतीत जुनी वायर आहे. तेव्हा आधी मेन स्विच बंद. मग टेस्टर लावून बघ, पण टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही असं धरून चालू नको, मेन बंद करायच्या आधीच तो टेस्टर चालू पॉइंटवर लावून पेटतो का ते बघून घ्यायचं. जुन्या घरात कुणीतरी कधीतरी स्विच न्यूट्रलवर घातलेला असतो, मग बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये करंट तसाच असतो. दिवा बंद आहे म्हणून हात घालू नये तो यासाठी.

उघडी वायरिंग म्हणजे नुसती लोंबणारी वायर नाही. माळ्यावर लाकडी पट्टीवरून गेलेली जुनी रबराची वायर बघ, कडक होऊन तडकली असेल तर वाकवून बघायच्या भानगडीत पडू नको, ती बदलायचीच. टेप गुंडाळलेले जोड बघ, विशेषतः वळचणीखालचे, उन्हाने टेपचा गोंद सुकतो आणि पहिल्याच पावसात आत पाणी. बोर्डाचं झाकण काढल्यावर आत हिरवट किंवा पांढरी पूड, मुंग्यांचं घर किंवा करपल्याचा डाग दिसला तर तो पॉइंट वापरायचा नाही. आणि एक गोष्ट आवर्जून बघ, अंगणातली कपडे वाळत घालायची तार. ती जर खांबावरून वायर येते त्या लोखंडी पाइपाला किंवा त्याच्या ब्रॅकेटला बांधली असेल तर आजच्या आज सोडवून घे, पण मेन बंद केला म्हणून स्वतः हात लावू नको, कारण मेनच्या अलीकडची वायर चालूच असते. इलेक्ट्रिशियनकडूनच सोडव. वर्षभर काही होत नाही, मग पावसात त्या पाइपाशी वायरचं कव्हर घासून निघतं आणि ओला टॉवेल टाकायला गेलेल्या माणसाला शॉक बसतो. त्या जागी नायलॉनची दोरी बांध. खांबाची वायर कौलांना किंवा फांदीला घासत असेल तर ते काम आपलं नाही, वीज कंपनीला कळव आणि ॲल्युमिनियमची शिडी त्या बाजूला नेऊच नको.

इलेक्ट्रिशियन आला की दोन कामं सांग. एक म्हणजे आरसीसीबी, करंट बाहेर गळला की लगेच वीज तोडणारी कळ, आहे का ते बघ, ३० मिलीअँपियरची. नुसत्या एमसीबीवर भरवसा ठेवू नको, ती वायर तापून जळू नये म्हणून असते, माणसाला शॉकपासून ती वाचवत नाही. आरसीसीबी असेल तर तिचं टेस्ट बटण दाब, खटकन पडली पाहिजे. नाही पडली तर नुसती शोभेची आहे. पडली तरी त्यावरून अर्थिंग चांगलं आहे असं सिद्ध होत नाही हां, ते वेगळं तपासायला लागतं. दुसरं, सगळी उपकरणं काढून मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावायला सांग, ५०० व्होल्टचा. कुठल्याही सर्किटला १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर वायरीचं इन्सुलेशन गेलंय किंवा आत ओल आहे. कोरड्या दिवसांत कमी येतंय तर पावसात काय होईल ते तूच बघ.

एवढं झालं की मग पाणी.

तो डाग नक्की कुठून येतो ते शोधायचं तर आधी मागच्या बाजूची रचना डोळ्यासमोर आण. मूळ घर कौलारू, स्वयंपाकघर नंतर जोडलेलं, त्यावर सपाट स्लॅब. कौलांचं पाणी वळचणीच्या पन्हळीत येतं, तिथून पाइपाने स्लॅबवर पडतं, आणि स्लॅबच्या कोपऱ्यातल्या भोकातून खाली. आणि स्लॅब जिथे जुन्या भिंतीला टेकतो तिथे सांधा आहे. जुनी भिंत चुन्याची, स्लॅब सिमेंटचा, उन्हात दोघं वेगवेगळं फुगतात-आकसतात, त्यामुळे तिथे भेग पडणारच, कितीही वेळा सिमेंट लिंपलं तरी. माझा संशय तिथेच आहे. पण संशयावर पैसे खर्च करायचे नाहीत, पाणी ओतून बघायचं.

पाणी ओतायचं ते खालून वर, वरून खाली नाही. सगळे हीच गडबड करतात, थेट कौलांवर पाइप सोडतात, आत पाणी दिसतं, आणि मग कुठून आलं ते कळतच नाही कारण सगळंच भिजलेलं असतं. आधी स्लॅबचं भोक चिंध्यांनी बंद कर, भिंतीपासून फूटभर अंतरावर ओल्या मातीचा छोटा बांध घाल म्हणजे सांधा कोरडा राहील, आणि बाकी स्लॅबवर इंचभर पाणी साठव. दोन-तीन तास जाऊ दे. (त्याआधी खालून स्लॅबची सळई गंजून बाहेर दिसतेय का ते बघ, दिसत असेल तर पाणी साठवून वजन टाकू नको, इंजिनिअरला दाखव.) आत ओल आली नाही तर बांध फोड, पाणी सांध्यापर्यंत जाऊ दे, पुन्हा थांब. चुन्याची जाड भिंत पाणी सावकाश सोडते, लगेच नाही दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नको, रात्रभर ठेवलं तरी चालेल. तरीही कोरडं असेल तर पन्हळीत बादलीने पाणी सोड. सगळ्यात शेवटी कौलं. ज्या पायरीला ओल दिसली ती जागा.

पन्हळीचं आता बघ. दूरच्या टोकाला एक बादली ओतली की पाणी सरळ पाइपाकडे जायला पाहिजे, मध्ये तळं साचत असेल तर ब्रॅकेट सैल होऊन पन्हळ झुकलीय. उतार मीटरला ५ मिलीमीटर असला तरी पुरे. पण उतारापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट असते जी कोणी बघत नाही, पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जराशी खाली असायला हवी. म्हणजे तुंबली तरी पाणी बाहेर पडतं. उलटं असेल तर ओसंडलेलं सगळं पाणी भिंतीत, आणि तुला वाटतं कौलं गळतात. पालापाचोळा, कौलांची भुकटी, चिमण्यांची काडीघरटी हाताने काढ, पाण्याने ढकलून पाइपात घालवू नको, तो कचरा कोपराला अडकतो. आणि तो पाइप सांध्यावरच पाणी आपटतोय का बघ, तसं असेल तर पुढे वाढवून भोकाकडे वळवून टाक, निम्मा त्रास तिथेच संपेल.

कौलं बघायची ती आतून, भर दुपारी, माळ्यावर दिवा बंद करून. जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथे फट आहे. वासा काळा पडलेला दिसला तर बोटाने त्या रेषेच्या वर वर जात राहा, पाणी वाशावरून घसरत येऊन लांब टपकतं, थेंबाच्या वरचं कौल बहुतेक निर्दोष असतं. आढ्यावरची कौलं आणि दोन उतार मिळतात तिथला पत्रा नीट बघ, बाकी भरभर. वर चढायचंच झालं तर कौलांवर पाय देऊ नको, फळी टाकून वाशांवर भार जाईल असं बघ. न्हाणीवरच्या सिमेंटच्या पत्र्यावर तर फळी टाकूनही नाही, जुना पत्रा अचानक खचतो.

भेगांची भीती तुला उगाच वाटतेय, म्हणजे सगळ्यांची नको. गिलाव्यातल्या केसासारख्या जाळ्या सोडून दे. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी, पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेली भेग मात्र बहुतेक वेळा पायाची असते. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण कर, बाजूला तारीख लिही, फोटो काढताना पट्टी लावून काढ. खुणेच्या पुढे सरकली तर ती चालू भेग, तिला सिमेंटने बुजवून उपयोग नाही. ५ मिलीमीटरहून रुंद असेल किंवा दार आपोआप घासायला लागलं असेल तर गवंड्याला नाही, इंजिनिअरला विचार. स्लॅबच्या खाली सळईच्या रेषेत भेग आणि तांबडा डाग असेल तर आत गंज फुगलाय, तिथे वरून गिलावा मारणं म्हणजे झाकणं.

सांध्याची भेग खरंच गळत असेल तर तिला व्ही आकारात उघडून, धूळ काढून, पूर्ण वाळल्यावर ताणला जाणारा सीलंट भरायचा, वर कोपऱ्याला गोलाई. चुन्याच्या भिंतीचा फुटलेला भाग चुन्यानेच भर, कडक सिमेंट लावलं की आतली ओल बाहेर यायची वाट बंद होते आणि बाजूचा गिलावा फुगून पडतो. आमचा गवंडी याच्यावर नाक मुरडेल, मुरडू दे.

गटारं शेवटी. भिंतीच्या कडेने फिर, पाणी घरापासून लांब जातंय की पायाशी साचतंय एवढंच बघायचंय. चौथऱ्याला माती चढली असेल तर खाली उतरव. चेंबरची झाकणं उघडून एकेक बादली ओत, पुढच्या चेंबरमध्ये पाणी दिसलं पाहिजे. खोल चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये डोकं घालू नको, कुणाला उतरवू तर अजिबात नको, आत विषारी गॅस असतो.

हे सगळं पावसाच्या तीन-चार आठवडे आधी कर, नवीन गिलाव्याला पाणी मारायला आठवडाभर तरी मिळाला पाहिजे आणि सीलंट ओल्या भिंतीला धरत नाही. स्विचबोर्ड त्या भिंतीवरून समोरच्या भिंतीवर हलव, गळती थांबली तरीसुद्धा. इलेक्ट्रिशियन आला की मेगरचे आकडे सर्किटनुसार लिहून घे आणि मला पाठव.

बाबा