टाकी भरलेली, मग शेवटच्या नळाला पाणी का नाही? नाशिक महापालिका आयुक्तांना खुले पत्र

माननीय आयुक्त,
नाशिक महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा रहिवासी आणि निवृत्त पाणीपुरवठा अभियंता आहे. शहर वाढते तशा नव्या टाक्या बांधाव्या लागतात आणि त्या त्या टाकीवर कोणता भाग द्यायचा हेही ठरवावे लागते. सिंहस्थाच्या निमित्ताने अशा निर्णयांची घाई होते. नकाशावर सही होण्यापूर्वी दोन गोष्टी तपासल्या जाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे. एक म्हणजे गर्दीच्या तासाचा गुणक, ज्याला आम्ही पीक फॅक्टर म्हणतो. दुसरी म्हणजे टाकीची जागा. या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की एक चुकली की दुसरी आपोआप चुकते.

मला हे एका लहान शहरात कळले, फार वर्षांपूर्वी. तिथल्या नव्या योजनेचा आराखडा करणाऱ्यांत मीही होतो. गावाच्या कडेला उंचावर सरकारी जागा मोकळी होती, म्हणून टाकी तिथे घेतली. पाणी सुरू झाले आणि महिन्याभरात शेवटच्या गल्लीतल्या बायका कार्यालयात आल्या. त्यातल्या एकीने विचारले, "साहेब, टाकी काठोकाठ भरलेली दिसते, मग सकाळी आमच्या नळाला का नाही? रात्री दहानंतर मात्र चांगलं येतं." त्या दोन वाक्यांत संपूर्ण निदान होते. टाकीत पाणी होते, रात्री दाबही होता. सकाळी तो दाब वाहिनीतच संपत होता.

हे का होते, ते एका काल्पनिक विभागावर आकडे मांडून दाखवतो. नाशिकच्या पश्चिमेच्या कोणत्याही उतारावर असा विभाग सापडेल. लोकसंख्या २४ हजार, माणशी रोज १३५ लिटर. गळती तूर्त बाजूला ठेवू. दिवसाला ३२ लाख ४० हजार लिटर लागतात, म्हणजे सरासरी सेकंदाला ३७.५ लिटर. पण सरासरीने कोणी आंघोळ करत नाही. सकाळच्या त्या एका तासात मागणी सरासरीच्या कितीपट होते, तो आकडा म्हणजे गुणक. केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमावलीत तो लोकसंख्येवर ठरवला आहे: ५० हजारांपर्यंत ३, दोन लाखांपर्यंत २.५ आणि त्यापुढे २.

पहिली चूक नेमकी इथे होते. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४ लाख ८६ हजारांचे होते, म्हणून कागदावर सरळ २ लिहिले जाते. संपूर्ण शहरासाठी तो आकडा बरोबर आहे. कारखान्यातला कामगार पहाटे आंघोळ करून पाळीला जातो, पंचवटीतल्या धर्मशाळांची वेळ वेगळी, नाशिकरोडच्या हॉटेलांची वेगळी. सगळ्यांची बेरीज केली की मागणीचे शिखर बसके होते. पण शहराचे तुकडे केल्यावर एका टाकीवर फक्त एक वसाहत उरते, आणि त्या वसाहतीतली शाळा-कार्यालयाची वेळ एकच असते. तिचे शिखर टोकदार असते. म्हणून गुणक शहराच्या लोकसंख्येवर न घेता त्या टाकीवरच्या लोकसंख्येवर घ्यायला हवा. आपल्या २४ हजारांच्या विभागाला तो ३ लागतो. सकाळी सेकंदाला ७५ नव्हे, ११२.५ लिटर पाणी वाहायला हवे.

फरक दीडपटीचाच दिसतो. पण वाहिनीतल्या घर्षणाने होणारी दाबाची घट प्रवाहाच्या साधारण १.८५ व्या घाताने वाढते, म्हणजे प्रवाह दीडपट झाला की घट दुपटीहून जास्त होते. समजा टाकी विभागाच्या कडेला आहे आणि तिथून ३५० मिलिमीटरची नवी वाहिनी अडीच किलोमीटर आत येते. दाब आम्ही पाणी किती उंच चढेल त्या मीटरमध्ये मोजतो. ७५ लिटरला या वाहिनीत ३.९ मीटर दाब जातो, ११२.५ लिटरला ८.२ मीटर. विभागातली सर्वांत सखल जागा ६०० मीटर पातळीवर, सर्वांत उंच ६१२ वर. टाकीतल्या पाण्याची किमान पातळी ६३४. तिमजली घरासाठी त्याच नियमावलीत १७ मीटर शिल्लक दाब धरला आहे. गुणक २ घेतला तर उंचावरच्या घराला १८ मीटर मिळतात आणि आराखडा मंजूर होतो. खरा गुणक ३ असेल तर तिथे १३.८ मीटरच पोहोचतात, आणि तिसऱ्या मजल्यावरचा नळ गर्दीच्या वेळी कोरडा पडतो. गल्लीतल्या बारीक वाहिन्यांतली घट तर मी अजून धरलेलीही नाही.

आता जागेचा मुद्दा. टाकी ही प्रवाहाचा स्वभाव बदलणारी जागा आहे. तिच्या अलीकडच्या वाहिनीतून पाणी दिवसभर संथ येते, पलीकडच्या वाहिनीला सकाळचा सगळा दणका सोसावा लागतो. त्यामुळे टाकी वस्तीपासून जितकी दूर, तितके अंतर महागड्या जाड वाहिनीचे.

वरच्याच विभागात गुणक ३ धरून कडेचीच टाकी ठेवायची म्हटली, तर ती अडीच किलोमीटर वाहिनी ४०० मिलिमीटरची करावी लागते. तेव्हा कुठे घट ४.३ मीटरवर येते. त्याऐवजी टाकी विभागाच्या मध्यावर आणली तर तेच अडीच किलोमीटर टाकीच्या अलीकडे जातात. तिथे पंप २० तास चालला तरी सेकंदाला ४५ लिटरच वाहतात, आणि त्याला २५० मिलिमीटर पुरते. टाकीतून पाणी दोन दिशांना वाटले जाते, प्रत्येकी सुमारे ५६ लिटर. ३०० मिलिमीटरच्या एक किलोमीटर वाहिनीत घट होते १.९ मीटर. टाकीतली किमान पातळी ६३४ ऐवजी ६३१ असली तरी उंचावरच्या घराला १७ मीटर मिळतात.

याची किंमतही सांगायला हवी. मध्यावर जमीन सखल असते, त्यामुळे टाकीचे खांब उंच लागतात. पंपाला त्या २५० च्या वाहिनीतली सुमारे ८ मीटर घट पेलावी लागते. टाकीची पातळी ३ मीटर उतरली, ते वजा केले तरी ५ मीटरचे वीजबिल कायमचे मागे लागते. आणि वस्तीच्या मधोमध जागा मिळवणे किती अवघड आहे हे मी आपल्याला सांगायला नको. तरीही या खर्चासमोर अडीच किलोमीटर ४०० ची वाहिनी ठेवून तुलना व्हायला हवी. मोकळी जागा दिसली म्हणून तुलनाच न करणे ही माझीही चूक होती, आणि तिचा त्रास त्या शेवटच्या गल्लीने सोसला.

मध्यावरच्या टाकीचा आणखी एक फायदा मला खर्चापेक्षा मोलाचा वाटतो. कडेच्या टाकीखाली, ३५० च्या वाहिनीत, भरलेल्या टाकीची रात्र आणि उतरलेल्या टाकीची सकाळ यांत दाब सुमारे १२ मीटरने हलतो. मध्यावरच्या टाकीखाली तो ६ मीटरच हलतो. रात्रीचा जास्तीचा दाब सखल भागातल्या जुन्या जोडांतून गळतीच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणूनच १९९९ ची ती नियमावली सांगते की दोन भागांच्या सरासरी उंचीत १५ ते २५ मीटरचा फरक असेल तर स्वतंत्र विभाग करावा. नाशिकला हे जास्त लागू आहे. नवशिखांवर वसले म्हणून नाशिक, असे आपण सांगतो. जुन्या नाशकात एका चढावर दोन पातळ्या भेटतात, आणि गोदावरी, नंदिनी, वालदेवी यांनी शहर आधीच कापून ठेवले आहे. विभागाची हद्द या नद्यांवरून आणि समपातळी रेषांवरून जायला हवी. ती प्रभागाच्या हद्दीवरून काढली तर टेकडीचा माथा आणि पायथा एकाच टाकीवर येतात.

एक मर्यादाही लिहून ठेवतो. हे सगळे २४ तास पुरवठ्याचे गणित आहे. ज्या भागात पाणी दिवसाला तीनच तास सुटते, तिथे दिवसभराचे पाणी तीन तासांत ओढले जाते, म्हणजे गुणक आठ झाला. आपल्या विभागात तो प्रवाह ३०० लिटर होईल आणि त्या ३५० च्या वाहिनीत ५० मीटर घट येईल. एवढा दाब कोणत्याही उंच टाकीत नसतो, म्हणून तेवढे पाणी वाहतच नाही. जवळचे भरून घेतात, लांबचे थेट वाहिनीला मोटर लावतात, आणि मग त्यांच्याही पलीकडच्यांना काहीच उरत नाही. अशा भागातल्या मोजणीवरून गुणक काढू नये. तो आकडा लोकांची गरज दाखवत नाही, व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ दाखवतो. मोठ्या इमारतींच्या जमिनीखालच्या टाक्याही हेच करतात: २४ तास पुरवठ्यात त्या शिखर बसके करतात, तीन तासांच्या पुरवठ्यात सगळ्या एकदम तोंड उघडतात.

म्हणून माझ्या विनंत्या मोजक्या आहेत. प्रत्येक नव्या टाकीच्या प्रस्तावात तिच्यावरची लोकसंख्या, त्यावरून घेतलेला गुणक आणि किमान दोन जागांची तुलना लिहिलेली असावी. तपोवन आणि रामकुंडाच्या बाजूला पर्वकाळाची गर्दी पंचवटीच्या रोजच्या विभागात मिसळू नये. त्या मागणीला स्वतंत्र वाहिनी आणि स्वतंत्र हिशेब असावा.

आजच्या टाक्यांसाठी जावक वाहिनीवर मीटर, टाकीत पातळी मोजणारे यंत्र आणि विभागाच्या सर्वांत उंच व सर्वांत लांबच्या नळावर दाबमापक, एवढे पुरे आहे. आठ दिवस तासातासाची नोंद घ्यावी. सकाळी सातला दाब पडला आणि टाकी भरलेली असली, तर दोष वाहिनीचा किंवा जागेचा. टाकीच रिकामी असली, तर आवक किंवा साठा कमी. साठा कमी असेल तर त्याच जागी आणखी एक टाकी उपयोगी पडते, पहिल्या दुखण्यावर नाही. विभाग खरोखर वेगळा झाला आहे का, हे पाहायला एका रात्री जावक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून दाबमापक बघावा. काटा शून्यावर आला नाही, तर हद्दीवरचा कुठला तरी व्हॉल्व्ह उघडा आहे किंवा जुनी जोडणी जमिनीखाली विसरली गेली आहे. ती सापडेपर्यंत त्या विभागाचा कोणताही आकडा खरा मानू नये.

या नोंदी हातात आल्यावर त्या प्रत्येक विभागातल्या व्हॉल्व्हमनला दाखवाव्यात. कोणत्या गल्लीत किती वाजता धार बारीक होते हे त्याला आधीपासून माहीत असते.

आपला,
एक निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, नाशिक