बाई, त्या रात्री तुम्ही माझी मुलगी माझ्या हाती दिली नाही

आदरणीय बाई,

हे पत्र फार पूर्वीच लिहायला हवे होते. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा पहिल्या ओळीतच अडलो, कारण आभार मानण्याआधी क्षमा मागायला हवी आणि ती कोणत्या शब्दांत मागावी हे मला सुचेना. त्या संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात तेवीस मुलांसमोर मी तुमच्यावर ओरडलो. ‘मुलगी माझी आहे, तुम्ही कोण अडवणार?’ हे माझे शब्द होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. ‘हळू बोला, आत्ताच काही जण झोपलेत,’ एवढेच म्हणालात.

हे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे लिहितो आहे, कारण त्या दिवसाविषयी बोलताना लोक कोणत्या बाजूच्या तोफा कुठून कुठवर आल्या एवढेच सांगतात. आमच्या मुलांचा जीव त्या दिवशी तोफांच्या हिशेबावर नव्हे, तर तुम्ही तासातासाला घेतलेल्या लहानलहान निर्णयांवर तगला.

आदल्या दिवशी आम्हां पालकांना निरोप आला होता की शाळा नेहमीप्रमाणे भरेल, काळजीचे कारण नाही. तो पाठवणाऱ्यांपैकी दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत कोणीही नव्हते. तळघर हे ‘आश्रयस्थान’ असल्याची नोंद कागदोपत्री होती. प्रत्यक्षात त्याला कुलूप होते, किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि आत मोडकी बाके छतापर्यंत रचलेली होती. ते रिकामे करावे असा अर्ज तुम्ही वर्षभरापूर्वी दिला होता आणि तो योग्य नमुन्यात नसल्यामुळे परत आला होता, हे मला शिपाईकाकांकडून नंतर कळले. योग्य नमुना शोधणाऱ्या त्या गृहस्थांविषयी मी याहून अधिक काही लिहीत नाही.

पहिले स्फोट झाले तेव्हा कोणीतरी मुलांना जिन्याखाली बसवले होते. तुम्ही त्यांना तिथून उठवलेत. जिना कोसळू शकतो, आणि आमच्या शाळेच्या जिन्याला तर मजल्यामजल्यावर मोठी काचेची खिडकी आहे. तुम्ही मुलांना तळमजल्यावरच्या मधल्या व्हरांड्यात आणलेत, जिथे एकही खिडकी नाही आणि बाहेरच्या जगापर्यंत दोन्ही बाजूंनी दोन-दोन भिंती आहेत. पहिली भिंत स्फोटाचा धक्का घेते, दुसरी काचा आणि लोखंडाचे तुकडे अडवते. गोळा थेट छतावर पडला असता तर या दोन भिंतींचाही उपयोग नव्हता, हे तुम्ही जाणून होता आणि मुलांना सांगितले नाहीत. वर्गांची दारे तुम्ही लावून घेतलीत, म्हणजे फुटलेल्या काचा वर्गातच राहतील. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांची बाहेरची दारे मात्र किंचित उघडी ठेवून त्यांच्या फटीत जुन्या वह्यांचे गठ्ठे कोंबलेत. मला तो निव्वळ निष्काळजीपणा वाटला होता. धक्क्याने चौकट वाकली की बंद दार कायमचे अडकते आणि आतले लोक आतच राहतात, हे शिपाईकाकांनी समजावले तेव्हा मी गप्प बसलो.

पाण्याचे मला विशेष लिहायचे आहे. पंप बंद पडून नळ कोरडे झाले होते आणि शिल्लक होता तो वीस लिटरचा एक जार. तेवीस मुले, तुम्ही आणि शिपाईकाका अशा पंचवीस जणांत वाटले तर माणशी आठशे मिलिलिटर होतात. माणसाला जगायला दिवसाला साधारण अडीच-तीन लिटर लागते, तेव्हा तो जार एका रात्रीचाच होता, दुसऱ्या रात्रीचा नव्हता. दुसऱ्या कोणीही पहिल्यापासून घोट मोजले असते. तुम्ही मात्र पहिल्याच तासात सर्वांना पोटभर पाणी दिलेत आणि मग जारवर खडूने रेघा ओढून उरलेल्याचे भाग केलेत. माझ्या मुलीने मला नंतर विचारले की तेव्हा इतकी तहान का लागली होती, ऊन तर नव्हते. भीतीने तोंड कोरडे पडते, आणि घाबरलेल्या एका मुलाला पाणी नाकारले की तो रडतो आणि त्याच्यामागून सगळा व्हरांडा रडतो, हे तुम्हांला कुठल्या पुस्तकाने शिकवले नसणार. मी आल्यावर तुम्ही मलाही पेला भरून दिलात आणि मी तो विचार न करता रिकामा केला. तो कोणाच्या वाट्यातला होता हे मी विचारले नाही. सकाळपर्यंत तुम्हांला पाणी पिताना मी पाहिले नाही, एवढे सांगतो.

आता त्या नकाराविषयी.

दुपारीच तुम्ही प्रत्येक घरी एकच छोटा संदेश पाठवला होता: मुले सुखरूप आहेत, येऊ नका, सकाळची वाट पाहा. फोन लागत नसतानाही लिहिलेला संदेश अनेकदा पोहोचतो, म्हणून बोलण्यात बॅटरी न घालवता दर तासाला दहा मिनिटे फोन सुरू करायचा असे तुम्ही ठरवले होते. संदेश मला मिळाला. तरीही मी आलो. एका शांततेत घरातून निघालो आणि धावत शाळा गाठली, आणि मी आलो तसा तिला घेऊन जाईन अशी माझी खात्री होती.

तुम्ही हजेरीपटाचे मागचे पान माझ्यासमोर धरलेत. त्यावर तुमच्या सुबक अक्षरात दुपारपासूनच्या प्रत्येक माऱ्याची वेळ होती आणि शेजारी मधल्या शांततेची मिनिटे: नऊ, चौदा, अकरा, बावीस, तेरा. ‘तुमचं घर किती लांब?’ तुम्ही विचारलेत. पंचवीस मिनिटे, मी म्हणालो. तुम्ही बावीसच्या आकड्यावर बोट ठेवलेत. मी हट्टाने म्हणालो की मी पंधरा मिनिटांत आलो. ‘तुम्ही धावत आलात. ती आठ वर्षांची आहे, आणि अंधार पडतोय.’ पुढे तुम्ही हेही म्हणालात की आजवरची शांतता उद्याची हमी देत नाही, आणि पहिल्या माऱ्यानंतर लोक मदतीला जमतात तिथेच अनेकदा दुसरा मारा होतो. त्यावर मी ओरडलो. माझे ओरडणे संपायच्या आत बाहेर तो आवाज झाला, ज्याने व्हरांड्याच्या छताची पांढरी पूड आमच्या सर्वांच्या केसांवर पडली. मी निघालो तेव्हापासून सतरा मिनिटे झाली होती. तुम्ही घड्याळ पाहिलेत, पानावर सतरा लिहिलेत, आणि मला भिंतीला पाठ लावून बसायला जागा करून दिलीत.

मी त्या रात्री पुष्कळ पाहिले. दाराच्या फटीतून उजेड चमकला की आवाज येईपर्यंत आकडे मोजायचे, तीन आकडे म्हणजे एक किलोमीटर, असा खेळ तुम्ही मुलांना लावून दिला होता. ‘बारा!’ ‘दहा!’ असे ती ओरडत आणि त्यात रमत. आकडे सहावर, मग चारवर आले, तेव्हा तुम्ही सहज म्हणालात की मोजून मोजून घसा दुखेल, आता गोष्ट ऐका. मुलांपैकी कोणालाही खेळ का थांबला हे कळले नाही. मला कळले. तुम्ही एकदाही ‘काही होणार नाही’ असे म्हणाला नाहीत. ‘मी इथेच आहे’ असे मात्र अनेकदा म्हणालात, आणि तेवढेच तर तुमच्या हातात होते.

पण रोज आठवते ती एक गोष्ट निराळी आहे. फुटक्या काचांमुळे कोणी बूट काढायचे नाहीत, झोपतानाही नाही, असा तुमचा नियम होता. मध्यरात्रीनंतर मुले एकमेकांवर कलंडून झोपली तेव्हा तुम्ही गुडघ्यांवर रांगत एकेका मुलाच्या पायाशी गेलात. टॉर्च दातांत धरली होती, तिच्यावर रुमाल गुंडाळला होता. प्रत्येकाची लेस तुम्ही सोडलीत, बुटात दोन बोटे घालून पाहिलीत, पाय मोकळा होईल इतकी सैल केलीत आणि पुन्हा बांधलीत. तेवीस मुले, शेहेचाळीस बूट. पहाटे चारच्या सुमारास तुम्ही तशाच रांगत परत आलात आणि सगळ्या लेसा पुन्हा घट्ट केल्यात, कारण उजाडताच निघायचे होते आणि सैल बुटाने मूल धडपडते. माझ्या मुलीच्या पायाशी तुम्ही आलात तेव्हा मी जागा होतो. मी हात पुढे केला, मीच बांधतो अशा अर्थाने. तुम्ही मान हलवलीत आणि कुजबुजलात, ‘तुम्ही झोपा, तुम्हांला तिला उचलून न्यायचं आहे.’ त्याच माणसाने काही तासांपूर्वी तुमचा अपमान केला होता.

युद्धात शौर्य कशाला म्हणतात ते मला ठाऊक नाही. चांगुलपणा कसा असतो ते मात्र मी त्या रात्री दोन हातांच्या अंतरावरून पाहिले. तो दमलेला होता, त्याचे गुडघे दुखत होते आणि त्याला कोणी पाहते आहे याची त्याला पर्वा नव्हती.

सकाळी तुम्ही आणि शिपाईकाका आधी बाहेर गेलात. मैदानात लोखंडाचे तुकडे विखुरले होते आणि त्यांतला कोणता न फुटलेला आहे हे बघून कळत नाही. तुम्ही तुकडे उचलले नाहीत, पायाने बाजूला सारले नाहीत. नजरेने चाचपत, पक्क्या फरशीवरूनच फाटकापर्यंत गेलात आणि येताना खडूची एक रेघ ओढत आलात. मुलांनी हात खिशात घालायचे आणि फक्त रेघेवर पाय ठेवायचे. एका मुलाचे काका न्यायला आले होते, त्यांचे नाव हजेरीपटात नव्हते. मुलाने त्यांना ओळखले, तरी आईशी बोलणे होईपर्यंत तुम्ही त्याचा हात सोडला नाहीत. त्या वेळी मी काहीच बोललो नाही. एका रात्रीत तेवढे शिकलो होतो.

घरी आल्यावर माझी मुलगी बुटांसकट झोपली. त्या लेसांची गाठ मी बांधतो तशी नव्हती, दोन सारख्या फासांची होती. ती मी संध्याकाळपर्यंत सोडली नाही. आता ती स्वतः बूट बांधते, तुमच्यासारखीच, आणि माझी पद्धत चुकीची आहे असे मला ठणकावून सांगते.

बाई, एक काम राहिले आहे. मूल ताब्यात घेताना पालकाने हजेरीपटात सही करायची होती. बाकीच्यांनी रांगेत उभे राहून केली. मी मुलीला खांद्यावर घेतले आणि तुमच्या नजरेला नजर न देता तसाच निघालो. तिच्या नावापुढचा रकाना रिकामा असेल. शाळा पुन्हा उघडेल त्या दिवशी मी ती सही करायला येणार आहे.

आपला,
तिसऱ्या ओळीतल्या दोन वेण्यांच्या मुलीचा बाबा